गोधडीच्या पोटात

माळ्यावरून काढलेली गोधडी तुमच्या मांडीवर आहे. एका कोपऱ्यात ती विरली आहे आणि फाटीतून आतलं कापड दिसतंय. वरचं ठिगळ फिकट गुलाबी, पण आत गडद निळं काहीतरी आहे. तुम्ही फाटीत बोट घालता. निळ्याखाली आणखी एक थर लागतो, त्याच्याखाली आणखी एक. जुनी गोधडी विरली की आपल्याकडच्या बायका ती टाकत नसत. तीच मध्ये घालून वरून नवीन कापड चढवत. म्हणजे बोट जितकं आत, तितकं ते मागच्या काळात. तुम्ही बोट आणखी आत सरकवता आणि उन्हाची झळ लागते.

वैशाख, 1974. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं एक गाव. सारवलेल्या पडवीत तुम्ही उभे आहात. सुगी कधीच उरकली आहे, पेरणीला अजून अवकाश आहे. गोधड्या याच दिवसांत शिवतात, कारण बायकांना दुपार मोकळी मिळते आणि धुतलेलं कापड तासाभरात खडखडीत वाळतं. पावसात ओलसर कापड आत राहिलं, तर गोधडी आतून कुबट होते आणि कुजते.

पडवीत आजी बसली आहे, समोर तिची सून. मध्ये कापडाचा ढीग.

"बस हितं," आजी तुम्हाला म्हणते. "आदी दोरा ओवून दे. तुजं डोळं तरणं हायत."

तुम्ही दोरा ओवता. सुई नेहमीपेक्षा लांब आणि जाड आहे. आजी ढिगातून एक जुनेर ओढते. जुनेर म्हणजे नेसून नेसून विरलेलं लुगडं. नऊ वारांचं हे लुगडं आधीच एक जन्म जगून झालंय. बसण्याच्या जागी ते विरलं, तेव्हा आजीने तेवढा भाग कापून त्या जागी दुसऱ्या लुगड्याचा धड तुकडा जोडला होता. त्याला दंड घालणं म्हणतात. दंडाचं लुगडंही फाटायला लागलं, तेव्हाच ते इथे आलं.

"उन्हात धर," ती सांगते. तुम्ही धरता. काठाजवळ वीण दाट आहे, मधे मात्र आरपार ऊन दिसतं. मग ती दोन्ही अंगठ्यांत कापड धरून हलकेच ताणते. जे टिकलं ते वर किंवा खाली जाईल. जे फर्रकन गेलं ते पोटात. फेकायचं काहीच नाही, फक्त प्रत्येकाची जागा ठरवायची.

आता मोजणी. नऊ वार म्हणजे 27 फूट. त्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकडा पावणेसात फुटांचा होतो, आणि पन्हा साधारण पावणेचार फूट. एका माणसाच्या अंथरुणाचं माप आपोआप निघतं. चारांतले दोन चांगले तुकडे, एक खाली अस्तराला आणि एक वर. विरलेले दोन आत, जुन्या वाकळीच्या भोकांवर. वाकळ म्हणजे ठिगळाठिगळांची जाड गोधडी. आजीची जुनी वाकळ आता इतकी पातळ झाली आहे की ती एखाद्या थरासारखी मधे मावते.

सून अस्तर पसरते, कोपऱ्यांवर दगड ठेवते. त्यावर वाकळ, त्यावर विरलेले तुकडे, मग वरचं कापड. प्रत्येक थर हाताने मधून कडेकडे निपटायचा. तुम्हाला घाई होते, तुम्ही थेट कडेला टाका घालायला घेता. आजी हात धरते.

"कड आदी बांदलीस तर चुणी कुटं जाईल? मदीच सापडंल."

टाके कडेकडून आत, चौकोनात चौकोन असे घालायचे आहेत. कड आधी पक्की झाली की सैल कापडाला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि शेवटी मधोमध फुगा येतो. म्हणून आधी मधून कडेकडे लांब कच्चे टाके, थर जागेवर राहावेत म्हणून. ते शेवटी उसवून टाकायचे. मगच वर ठिगळं मांडायची.

आणि ठिगळं मांडायला घेतल्यावर पडवीत बोलणं सुरू होतं.

पहिलं येतं लाल. आजीच्या लग्नातल्या इरकलीच्या पदराचा तुकडा, त्यावर पांढऱ्या नक्षीचे दात. तो ती उशाशी ठेवते. त्याच्या शेजारी सून एक मातकट तुकडा ठेवते. त्याला बारीक बारीक भोकं आहेत.

"हे खडीवरचं," ती म्हणते आणि थांबते.

बहात्तरला पाऊस आला नाही. 1973 च्या मे महिन्यात राज्यभर सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, आणि त्यांत ही सून होती. हातोडीखाली दगड फुटे तेव्हा कपच्या उडत. ती भोकं कपच्यांची आहेत. परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी, सुकडीसाठी रांग आणि सावलीत निजवलेलं पोर, हे सगळं ती त्या तुकड्याच्या कडा दुमडत सांगते. पोर त्या लुगड्याच्याच झोळीत निजायचं. "आता त्याच्यावरच झोपंल," ती म्हणते. ते ठिगळ ती मुद्दाम मधोमध लावते.

मग येते थोरल्या पोराची शाळेची खाकी चड्डी. तुम्ही ती आहे तशीच ठेवता, आणि सुई शिवणीवर अडते, वाकते. शिवणी आधी उसवायच्या, बटणं काढून डब्यात टाकायची आणि कापड सपाट झालं की मगच लावायचं. शेवटी निघतो मुंबईला गिरणीत असलेल्या धाकट्या मुलाचा टेरिलीनचा सदरा. अजून चकाकतो, कुठे फाटलेला नाही. सून म्हणते, वर लावू. आजी तो बोटांत चोळते. हे कापड घाम पीत नाही, हाताखालून निसटतं, आणि शेजारचं सुती कापड विरलं तरी हे तसंच ताठ राहून त्याला ओढत बसतं. पण मुलगा दूर आहे. सदरा नाकारवतही नाही. शेवटी आजी त्याचा छोटा तुकडा पायथ्याशी लावते, चारी बाजूंनी सुती ठिगळांत धरून.

तुम्ही एक कोरा मांजरपाट पुढे करता. आजी मान हलवते. कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि शेजारचं जुनं कापड टाक्यापाशी फाटतं. नवं लावायचंच तर आधी दोन-तीनदा धुऊन वाळवायचं.

मग धावदोरा. सुईवर तीन-चार टाके घ्यायचे आणि एकदम ओढायचे. दोन ओळींत बोटभर अंतर, म्हणजे पाऊण इंच. हिशेब केला तर या एका गोधडीत जवळजवळ 135 वार टाक्यांची ओळ बसते, पंधरा लुगडी एकापुढे एक ठेवली तर जितकी होतील तितकी. दोरा फार ओढला की कापड गोळा होतं. सैल सोडला तर झोपेत पायाचं जोडवं त्यात अडकतं आणि ओळच्या ओळ उसवते. थोड्या थोड्या वेळाने आजी गोधडी उलटते. खाली टाका दिसला नाही, तर सुई मधल्याच थरातून परतली आहे. तो टाका काही धरून ठेवत नाही, उसवून पुन्हा घालायचा. थर एकमेकांवर सरकू नयेत आणि त्यांच्यामधली हवा जागच्या जागी राहावी, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. ऊब त्या अडकलेल्या हवेची असते.

तुम्ही उलटी बाजू पाहता आणि एक गोष्ट लक्षात येते. आजीच्या बाजूचे टाके ज्वारीच्या दाण्याएवढे, एकसारखे. सुनेचे लांब, जरा तिरके. अक्षरासारखे ते ओळखू येतात. कोणीही नाव घातलेलं नाही, तरी कोणता कोपरा कोणाचा हे गोधडी सांगते.

तुमचं बोट पुन्हा फाटीत जातं, जुन्या वाकळीच्या थरात.

1945. पडवी तीच, पण आजी आता नवी सून आहे आणि सुई तिच्या सासूच्या हातात आहे. महायुद्धामुळे 1943 पासून कापडावर नियंत्रण आलं आहे, कंट्रोलचं जाडंभरडं कापड मोजून मिळतं. आता ठिगळं बघा. 1974 सालची हातभर होती, ही तळहाताएवढीही नाहीत. फाटलेल्या बाहीची कड, पटक्याची पट्टी, काही तर दोन बोटं रुंद. चिंधीला चिंधी जोडून एक हातभर कापड झालंय. दोरादेखील विकतचा नाही, जुन्या धोतराच्या कडेतून उकलून काढलेला आहे. म्हणून या थराचे टाके जागोजाग गाठीचे आहेत. सासू काहीच बोलत नाही. टंचाई किती होती ते ठिगळाच्या आकारातून कळतं. तो गडद निळा तुकडा इथला आहे. तो कोणाचा, हे तुम्ही नव्या सुनेला विचारता. तिला ठाऊक नाही. सासूला ठाऊक आहे, पण ती वाकलेली मान वर करत नाही.

तुम्ही परत येता. मांडीवर गोधडी, कोपऱ्यात फाट. आता तुम्हाला लाल तुकडा ओळखता येतो, पांढरे दात जवळजवळ पुसले गेलेत. मधल्या मातकट ठिगळावर बोट फिरवलं की बारीक भोकं लागतात. पायथ्याशी टेरिलीन अजून चकाकतं, आणि भोवतीची सुती ठिगळं मात्र त्याच्याच कडेला विरली आहेत. आजी बरोबर होती. निळ्याचं मात्र उत्तर मिळालेलं नाही, आणि ते सांगणारं आता कोणी नाही.

त्या मातकट ठिगळावर निजलेलं ते पोर आज पन्नाशी ओलांडून गेलंय, आणि फोन उचलतं. तुम्ही एका कागदावर गोधडीचा चौकोन काढता, ठिगळांना आकडे देता आणि फोनवर एकेक आकडा विचारत जाता. तिसऱ्या आकड्यावर पलीकडचा आवाज थांबतो, मग सांगायला लागतो.

बोलणं संपल्यावर तुम्ही कपाटातून एक सुती कुर्ता काढता. उन्हात धरता. पाठीकडे तो विरलाय, पण पुढचा घेर दाट आहे. अंगठ्यांत ताणता, टिकतो. शिवणी उसवता, बटणं काढता, तुकडा फाटीपेक्षा चार बोटं मोठा कापता, म्हणजे टाका विरलेल्या कापडावर न पडता धडक्या भागावर पडेल. कडा दुमडता. निळ्यावर तो ठेवण्याआधी कागदावर त्याच्या जागी नवा आकडा लिहिता, आणि समोर तुमचं नाव, साल, कुर्ता कुठे घातला होता ते.

सुई आत जाते. गोधडी उलटून बघता, टाका खालपर्यंत आलाय. मोठा आहे, जरा वाकडा आहे. आजीच्या दाण्यांशेजारी तो लगेच वेगळा दिसतो. तुम्ही तो उसवत नाही.