घडून गेल्यावरच स्पष्ट दिसणारा आलेख : एका ट्रेडरचे संपादकांना पत्र

वृत्तपत्राच्या अर्थविषयक पानावर एका समभागाच्या भावाचा आलेख छापलेला होता. त्यात तीन शिखरे होती आणि मधले सर्वांत उंच होते. तिन्हींच्या पायथ्याशी एक आडवी रेघ ओढलेली होती आणि रेघेच्या पलीकडे भाव कोसळलेला दिसत होता. घसरणीची सूचना आलेखाने आधीच दिली होती, असे सोबतच्या मजकुरात म्हटले होते. तो वाचून एका ट्रेडरने संपादकांना पत्र लिहिले. आलेख चुकीचा आहे, अशी त्याची तक्रार नव्हती. ती रेघ कोणत्या तारखेला ओढली, हे का छापले नाही, एवढाच त्याचा प्रश्न होता.

या आकृतीला बाजारात ‘हेड अँड शोल्डर्स’ म्हणतात. डावा खांदा, डोके आणि उजवा खांदा अशी तीन शिखरे आणि त्यांच्यामधल्या दोन तळांना जोडणारी ‘नेकलाइन’ हे तिचे भाग. भावाने नेकलाइन खाली तोडली की आकृती पूर्ण झाली, असे मानतात. डोक्यापासून नेकलाइनपर्यंत जेवढे अंतर, साधारण तेवढीच घसरण पुढे अपेक्षित धरली जाते.

पत्रलेखकाने सोयीचे आकडे घेऊन उदाहरण मांडले आहे. समजा, भाव 520 रुपयांपर्यंत चढून 500 वर उतरला, मग 540 पर्यंत गेला, पुन्हा 500 वर आला आणि तेथून 522 ला स्पर्श करून 515 वर थांबला. छापील आलेखात 522 हा उजवा खांदा म्हणून ठळक दिसतो. मात्र भाव 515 वर असलेल्या दिवशी आलेखाची उजवी बाजू कोरी असते. त्या दिवशी हेच चित्र निदान तीन प्रकारे वाचता येते. तो उजवा खांदा असू शकतो. 500 आणि 540 यांच्या दरम्यान चाललेली निव्वळ चढउतार असू शकते. किंवा 540 ओलांडण्यापूर्वी भावाने घेतलेला विसावाही असू शकतो.

शिखराला शिखर ठरवते ती त्यानंतरची घसरण. 522 हा आकडा पडद्यावर उमटतो त्या क्षणी तो इतर कोणत्याही भावासारखाच असतो. पुढे भाव पुरेसा खाली आल्यावरच त्याला शिखर म्हणता येते. आलेखावर वळणे आपोआप जोडून दाखवणारे ‘झिगझॅग’ हे साधन वापरणाऱ्यांना याचा रोजच अनुभव येतो. त्याची शेवटची रेघ नवा भाव येताच जागा बदलते. भाव ठरावीक टक्के उलटा फिरेपर्यंत ती स्थिर होत नाही. महिन्याभराने तोच आलेख पाहणाऱ्याला मात्र ती रेघ नेमकी शिखरावर टेकलेली दिसते आणि तिने किती वेळा जागा बदलली याची खूणही उरत नाही.

पत्रलेखकाने स्वतःची चूकही सांगितली आहे. अशाच एका आलेखात त्याने तिसरे शिखर उजवा खांदा समजून 515 च्या भावाने फ्युचर्समध्ये एक हजार समभागांची विक्री केली. भाव उतरण्याऐवजी 540 ओलांडून गेला. 545 ला त्याने सौदा बंद केला. समभागामागे 30 रुपये, म्हणजे एकूण 30 हजार रुपये गेले. पैशापेक्षा पुढची गोष्ट त्याला अधिक बोचली. त्या आलेखाला आज कोणी हेड अँड शोल्डर्स म्हणत नाही. ‘तेजीतला विसावा’ असे त्याचे नवे नाव झाले आहे. फसलेली आकृती आपले नावच गमावते, म्हणून ती फसलेल्यांच्या हिशेबात येत नाही. पाठ्यपुस्तकात आणि वृत्तपत्रात उरतात त्या केवळ सफल झालेल्या आकृत्या.

पाहणाऱ्याचे मनही यात भर घालते. बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने 1975 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 1814 च्या इंग्रज-गुरखा संघर्षाचे वर्णन वाचायला दिले होते. काही गटांना त्याचा शेवट सांगितला, एका गटाला सांगितला नाही. इंग्रजांचा विजय, गुरख्यांचा विजय किंवा अनिर्णित लढत यांपैकी जो शेवट ज्या गटाला सांगितला, तोच त्या गटाला आधीपासून अधिक संभाव्य वाटला. शेवट कळला की त्याला पूरक तपशील ठळक होतात आणि विरोधी तपशील मागे पडतात. कोसळलेला भाव पाहून मग डावीकडे नजर टाकणारा वाचक नेमके हेच करीत असतो.

केवळ योगायोगातूनही अशा आकृत्या तयार होतात. शिकागो विद्यापीठातील हॅरी रॉबर्ट्स यांनी 1959 मध्ये यादृच्छिक संख्यांच्या आधारे 52 आठवड्यांचे काल्पनिक बाजारभाव तयार केले. त्यांच्या आलेखात खऱ्या बाजारासारख्याच आकृत्या दिसल्या. हेड अँड शोल्डर्सही त्यात होती. तिच्यामागे खरेदीदार वा विक्रेते यांपैकी कोणीच नव्हते.

तरीही आलेख निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष यातून निघत नाही. अँड्र्यू लो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 2000 साली आकृत्यांच्या व्याख्या आधी गणिताने पक्क्या केल्या आणि मगच 1962 ते 1996 या काळातील अमेरिकी समभागांमध्ये त्या संगणकाकरवी शोधल्या. काही आकृत्यांत थोडीफार उपयुक्त माहिती असते, असे त्यांना आढळले. त्यातून खर्च वजा जाता नफा होतोच, असा मात्र त्याचा अर्थ नाही. व्याख्या आधी आणि शोध नंतर, हा क्रम येथे महत्त्वाचा आहे.

हाच क्रम घरी पाळण्याची रीत पत्रात दिली आहे. जुना आलेख घेऊन त्याची उजवी बाजू कागदाने झाकावी आणि कागद एकेक दिवस सरकवावा. किती घसरणीनंतर शिखर मानायचे, नेकलाइन कोणत्या बंद भावाला तुटली म्हणायची, हे नियम आधी लिहून ठेवावेत. नियमात बसलेली प्रत्येक आकृती नोंदवावी, फसलेलीही. वरील उदाहरणात भाव 497 वर बंद झाल्यावर विक्री केली, तर अपेक्षित लक्ष्य 460 आणि चूक मान्य करण्याची पातळी 523 राहील. म्हणजे बरोबर ठरल्यास 37 रुपयांचा लाभ आणि चुकल्यास 26 रुपयांचा तोटा. या हिशेबाने शंभरांपैकी निदान 42 सौदे यशस्वी झाले, तरच दलाली आणि करापूर्वी पदरी काही पडते. वहीतील यशाचे प्रमाण त्याहून कमी भरले, तर आकृती कितीही स्पष्ट दिसो, तिच्यावर सौदा करण्यात अर्थ नाही.

आणखी एक बाब या आकड्यांतून लक्षात येते. खात्रीची वाट पाहणाऱ्याला 522 चा भाव मिळत नाही, 497 चा मिळतो. मधले 25 रुपये ही त्या खात्रीची किंमत. छापील आलेख पाहणारा मात्र मनातल्या मनात शिखरावरच विक्री करतो आणि ही किंमत त्याला कधीच मोजावी लागत नाही.

पत्राच्या शेवटी संपादकांकडे तीन मागण्या आहेत. प्रत्येक आलेखासोबत रेघ ओढल्याची तारीख छापावी. कोणत्या भावाला हे वाचन चुकीचे मानायचे, तो आकडा द्यावा. आणि त्याच लेखकाने त्याच रीतीने पूर्वी वर्तवलेल्या आकृत्यांचे पुढे काय झाले, फसलेल्यांसह, तेही सांगावे. या तीन गोष्टी छापल्या, तर आलेखांची संख्या बरीच घटेल, असे पत्रलेखकाला वाटते. उरतील त्यांवर मात्र वाचकाला विचार करता येईल.