अलोहा पद्धती : शुद्ध व स्लॉटेड प्रकारांचे थ्रूपुट आणि त्याची मर्यादा

अनेक प्रेषकांनी एकच सामाईक चॅनेल आपापसांत काहीही न ठरवता वापरण्याची पद्धत. ज्याच्याकडे पॅकेट तयार असेल त्याने ते पाठवायचे आणि पोचपावती आली नाही तर यादृच्छिक काळ थांबून पुन्हा पाठवायचे, एवढाच तिचा नियम आहे. शुद्ध अलोहात पॅकेट कोणत्याही क्षणी पाठवता येते. स्लॉटेड अलोहात काळाचे समान तुकडे, म्हणजे स्लॉट, पाडलेले असतात आणि पॅकेट स्लॉटच्या आरंभीच सोडावे लागते. असंख्य प्रेषकांच्या आदर्श प्रतिमानात शुद्ध प्रकाराचे कमाल थ्रूपुट चॅनेलच्या क्षमतेच्या १८.४ टक्के आणि स्लॉटेड प्रकाराचे ३६.८ टक्के भरते. ही मर्यादा यंत्रांच्या दोषामुळे पडत नाही. दुसरा कोणी आत्ता पाठवत आहे का, हे कोणालाच ठाऊक नसते, हे तिचे मूळ आहे.

उगम. हवाई विद्यापीठात नॉर्मन अ‍ॅब्रमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत विकसित केली. ओआहू बेटावरील मुख्य संगणकाशी दूरची टर्मिनले रेडिओने जोडणे हा तिचा हेतू होता. अ‍ॅब्रमसन यांचा निबंध १९७०मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९७१मध्ये जाळे चालू झाले. टर्मिनले एका वारंवारतेवर पाठवत आणि मुख्य केंद्राचे उत्तर दुसऱ्या वारंवारतेवर ऐकत, त्यामुळे एका टर्मिनलला दुसऱ्याचे प्रेषण ऐकू येत नसे. स्लॉटची कल्पना लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९७२मध्ये मांडली.

प्रतिमान. सर्व पॅकेटे सारख्या लांबीची आहेत आणि एक पॅकेट पाठवायला लागणारा काळ T आहे, असे धरतात. एका T मध्ये सरासरी जितकी पॅकेटे चॅनेलवर येतात त्या संख्येला भार म्हणतात व ती G ने दाखवतात. तिच्यात नव्या पॅकेटांबरोबर पुन्हा पाठवलेली पॅकेटेही मोजली जातात. एका T मध्ये सरासरी जितकी पॅकेटे धडपणे पोहोचतात ते थ्रूपुट S होय. दोन पॅकेटांचा थोडासा भाग जरी एकमेकांवर आला तरी दोन्ही वाया जातात, असे मानतात. प्रेषक पुष्कळ आणि परस्परांपासून स्वतंत्र असल्यामुळे पॅकेटांचे आगमन पॉयसाँ वितरणानुसार होते, असेही गृहीत आहे. एखाद्या कालखंडात सरासरी m पॅकेटे अपेक्षित असतील, तर त्यात एकही पॅकेट न येण्याची संभाव्यता e^(−m) असते. पुढची दोन्ही समीकरणे या एका सूत्रातून निघतात.

शुद्ध अलोहा. एक पॅकेट t या क्षणी सुटले, तर ते t + T पर्यंत चॅनेलवर असते. त्या अवधीत दुसरे पॅकेट सुरू झाले तर टक्कर होते. मात्र t च्या आधीच्या T एवढ्या काळात सुरू झालेले पॅकेटही अजून चॅनेलवरच असते आणि तेही या पॅकेटाला गाठते. म्हणून पॅकेट वाचण्यासाठी एकूण 2T इतका काळ इतर सर्वांनी गप्प राहणे आवश्यक असते. या धोक्याच्या काळात सरासरी 2G पॅकेटे अपेक्षित असल्यामुळे यशाची संभाव्यता e^(−2G) येते आणि

S = G · e^(−2G)

हे समीकरण मिळते. G = ½ असताना S सर्वांत मोठे, म्हणजे 1/(2e) ≈ ०.१८४ होते. त्यापुढे भार वाढवला तर थ्रूपुट उलट घटते; G = १ ला ते ०.१३५ एवढेच उरते.

स्लॉटेड अलोहा. पॅकेट स्लॉटच्या आरंभीच सोडायचे, असा नियम घातला की टक्कर अर्धवट राहत नाही. पॅकेटे एकमेकांवर आली तर पूर्णपणे येतात, नाहीतर मुळीच येत नाहीत. आधीच्या स्लॉटमधल्या पॅकेटाची शेपटी पुढच्या स्लॉटमध्ये येत नाही, म्हणून धोक्याचा काळ 2T वरून T वर उतरतो आणि

S = G · e^(−G)

असे होते. कमाल G = १ ला मिळते आणि ती 1/e ≈ ०.३६८, म्हणजे शुद्ध प्रकाराच्या नेमकी दुप्पट असते. मात्र दोन्ही प्रकारांत आपापल्या कमाल बिंदूवर एका पॅकेटाच्या यशाची संभाव्यता 1/e च असते आणि एक पॅकेट पोहोचायला सरासरी e, म्हणजे सुमारे २.७ प्रयत्न लागतात. स्लॉटमुळे प्रत्येक प्रयत्न अधिक यशस्वी होत नाही. तेवढ्याच काळात दुप्पट प्रयत्न सामावतात.

स्लॉटसाठी काही किंमत मोजावी लागते. सर्व प्रेषकांची घड्याळे जुळलेली असावी लागतात, उरलेल्या फरकासाठी प्रत्येक स्लॉटमध्ये थोडा रिकामा काळ राखावा लागतो आणि तयार पॅकेटाला पुढच्या स्लॉटसाठी सरासरी अर्धा स्लॉट थांबावे लागते. भार अगदी हलका असेल तर या खर्चाची भरपाई होत नाही. G = ०.१ ला शुद्ध प्रकार ०.०८२ देतो आणि स्लॉटेड ०.०९०, म्हणजे फरक किरकोळ असतो.

कमाल कमी का. स्लॉटेड अलोहा कमाल बिंदूवर चालू आहे आणि १,००० स्लॉटमध्ये सरासरी १,००० पॅकेटे सोडली जात आहेत, असे समजू. दर स्लॉटला सरासरी एक पॅकेट येते, पण प्रत्येक स्लॉटला एकेक पॅकेट मिळत नाही. पॉयसाँ वितरणानुसार ३६८ स्लॉट रिकामे जातात, ३६८ मध्ये नेमके एक पॅकेट असते आणि २६४ मध्ये दोन किंवा अधिक पॅकेटांची टक्कर होते. उरलेली ६३२ पॅकेटे या २६४ स्लॉटमध्ये गर्दी करून नष्ट होतात.

रिकामे स्लॉट कमी करायचे तर भार वाढवावा लागतो आणि त्याने टक्करी वाढतात. G = २ केल्यास रिकामे स्लॉट १३५ वर येतात खरे, पण टक्करी ५९४ होतात आणि यशस्वी स्लॉट २७१ वर घसरतात. टक्करी कमी करायच्या तर भार उतरवावा लागतो आणि शांतता वाढते. हाताशी G ही एकच कळ आहे आणि ती दोन्ही नुकसाने एकाच वेळी कमी करू शकत नाही. G = १ ला भार किंचित वाढवल्याचा फायदा आणि तोटा समसमान होतो, म्हणून कमाल तिथेच येते.

प्रेषक मोजके असले तर ही मर्यादा थोडी सैल होते. N प्रेषकांपैकी प्रत्येकाने प्रत्येक स्लॉटमध्ये 1/N संभाव्यतेने पाठवले, तर थ्रूपुट (1 − 1/N)^(N−1) असते. दोन प्रेषकांना ०.५०, पाचांना ०.४१ आणि दहांना ०.३९ मिळते. दहाच प्रेषक असले तरी आकडा ०.३६८च्या जवळ येऊन ठेपतो.

हवाईचे उदाहरण. अ‍ॅब्रमसन यांच्या १९७०च्या निबंधात पॅकेटाचा काळ ३४ मिलिसेकंद धरला आहे आणि प्रत्येक सक्रिय वापरकर्ता सरासरी मिनिटाला एक पॅकेट पाठवतो, असे मानले आहे. एक वापरकर्ता चॅनेलचा ०.०३४/६० एवढाच भाग वापरतो. चॅनेल काटेकोर वेळापत्रकाने वाटून दिले असते तर सुमारे १,७६४ वापरकर्ते सामावले असते. शुद्ध अलोहाच्या ०.१८४ मर्यादेने ही संख्या ३२४ वर येते. स्लॉट वापरल्यास ती सुमारे ६४९ होते. प्रत्यक्षात मर्यादेजवळ जाताच पुनर्प्रेषणे आणि विलंब झपाट्याने वाढतात, म्हणून यापेक्षा बरेच खाली राहावे लागते. तरीही पद्धत त्या जागी योग्य ठरली, कारण मिनिटात एकदा ३४ मिलिसेकंद बोलणाऱ्या टर्मिनलसाठी कायमचा चॅनेल राखून ठेवला असता तर तो बहुतेक वेळ पडूनच राहिला असता.

अस्थैर्य आणि त्याचे निदान. कमाल थ्रूपुट ही सरासरी आहे. ती टिकेल याची हमी नसते. टक्कर झालेली पॅकेटे अडून राहतात आणि पुन्हा पाठवली जातात. योगायोगाने काही स्लॉट लागोपाठ बिघडले की अडलेल्यांची संख्या वाढते, त्यांच्यामुळे G वाढतो, टक्करी वाढतात आणि आणखी पॅकेटे अडतात. पुनर्प्रेषणाची संभाव्यता स्थिर ठेवली आणि प्रेषक असंख्य मानले, तर नव्या पॅकेटांचा दर कितीही कमी असला तरी प्रणाली कधी ना कधी या फेऱ्यात सापडतेच. मर्यादित पण पुष्कळ प्रेषकांच्या जाळ्यात ती दीर्घकाळ कोंडलेल्या अवस्थेत अडकते.

नुसते थ्रूपुट पाहून ही अवस्था ओळखता येत नाही. S = ०.२७ हे मूल्य G सुमारे ०.४ असतानाही येते आणि G = २ असतानाही येते. पहिल्या स्थितीत ६७ टक्के स्लॉट रिकामे असतात, दुसऱ्यात फक्त साडेतेरा टक्के. म्हणून रिकाम्या स्लॉटचे प्रमाण मोजावे लागते. ते ३७ टक्क्यांच्या आसपास असेल तर भार योग्य आहे. टक्करी रिकाम्या स्लॉटपेक्षा जास्त दिसू लागल्या तर भार कमालबिंदू ओलांडून गेला आहे. त्यावर उपाय म्हणजे अडलेल्यांच्या अंदाजानुसार पुनर्प्रेषणाची संभाव्यता कमी करत जाणे. दर टक्करीनंतर प्रतीक्षेचा कालपट दुप्पट करण्याचा ईथरनेटमधला नियमही याच विचारातून येतो.

मर्यादेपलीकडे. ०.३६८ ही सर्व यादृच्छिक पद्धतींची मर्यादा नाही. दोन सिग्नलांपैकी बराच प्रबळ असलेला सिग्नल टक्करीतूनही वाचला, तर थ्रूपुट वाढते. टक्करीत सापडलेल्यांना गटागटाने वेगळे करत नेणाऱ्या पद्धती असंख्य प्रेषकांच्या प्रतिमानातही ०.४८७ पर्यंत स्थिरपणे पोहोचतात. पाठवण्याआधी चॅनेल ऐकण्याची पद्धत त्याहून बरीच पुढे जाते, पण त्यासाठी सिग्नलचा प्रवासकाळ पॅकेटाच्या काळापेक्षा पुष्कळ कमी असावा लागतो. भूस्थिर उपग्रहावर एकेरी फेरीलाच सुमारे पाव सेकंद लागत असल्यामुळे तिथे ऐकण्याचा उपयोग होत नाही.

सर्वांत जास्त वापरला जाणारा मार्ग म्हणजे टक्कर स्वस्त करणे. मूळ मजकुराऐवजी फक्त छोटी मागणी अलोहाने पाठवतात आणि मजकुरासाठी जागा राखून देतात. मागणीचा स्लॉट मजकुराच्या विसाव्या भागाएवढा असेल, तर एका यशस्वी मागणीला सरासरी २.७ छोटे स्लॉट, म्हणजे मजकुराच्या काळाच्या सुमारे १४ टक्के खर्च येतो आणि एकूण कार्यक्षमता ८८ टक्क्यांच्या घरात जाते. जीएसएम मोबाइल फोनची पहिली मागणी स्लॉटेड अलोहानेच जाते. टोलनाक्यावरचे फास्टॅग ज्या आरएफआयडी मानकावर चालतात, त्यातही वाचक स्लॉटची संख्या जाहीर करतो, प्रत्येक टॅग त्यांपैकी एक यादृच्छिकपणे निवडतो आणि आधी फक्त १६ बिटांचा यादृच्छिक अंक पाठवतो. तो धडपणे पोहोचला, तरच टॅगला आपली ओळख पाठवायला सांगितले जाते.