ठरवणारे आणि राबवणारे: एका रेषेची गोष्ट

आज आपण एका रेषेविषयी बोलणार आहोत. धोरण राजकारण्यांनी ठरवायचं आणि अधिकाऱ्यांनी ते निमूटपणे राबवायचं, या दोहोंमधली ही रेषा. ती इतकी सरळ वाटते की ती कुणीतरी, केव्हातरी, काही कारणाने आखली आहे हे आपल्या लक्षातच येत नाही.

कारण तसं रक्तरंजित आहे. १८८१ च्या जुलैत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गितो नावाच्या माणसाने गोळ्या झाडल्या. निवडणुकीत आपण पक्षासाठी राबलो, तेव्हा पॅरिसमधलं वकिलातीतलं पद आपल्याला मिळायलाच हवं, असं तो धरून बसला होता. ही समजूत वेडगळ होती, पण जगावेगळी नव्हती. जिंकलेल्या पक्षाने सरकारी नोकऱ्या आपल्या माणसांत वाटायच्या, हीच तेव्हाची रीत होती. गारफील्ड सप्टेंबरात वारले आणि १८८३ मध्ये पेंडलटन कायदा झाला. काही नोकऱ्या आता परीक्षा घेऊन भरल्या जाऊ लागल्या.

या पार्श्वभूमीवर १८८७ मध्ये वुड्रो विल्सन नावाच्या तरुण प्राध्यापकाने प्रशासनाच्या अभ्यासावर एक निबंध लिहिला. हेच पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. प्रशासन राजकारणाच्या धकाधकीबाहेर आहे, ते व्यवहाराचं क्षेत्र आहे, असं त्यांनी मांडलं. १९०० मध्ये गुडनाऊ यांनी त्यावर ग्रंथ लिहिला: राजकारण म्हणजे राज्याची इच्छा व्यक्त करणं, प्रशासन म्हणजे ती पार पाडणं. म्हणजे ही रेषा नोकऱ्यांच्या लुटीविरुद्ध घातलेलं कुंपण होती. त्या कामी ती उपयोगी पडली. अडचण पुढे आली. कुंपणालाच लोक वस्तुस्थितीचं वर्णन समजू लागले.

हे वर्णन कुठे फसतं? ओकलंडचं उदाहरण घेऊ. १९७३ मध्ये प्रेसमन आणि विल्डाव्हस्की या अभ्यासकांनी ते तपशिलात मांडलं. १९६५ मध्ये अमेरिकी संसदेने मागास भागांच्या आर्थिक विकासाचा कायदा केला. सार्वजनिक बांधकामांना अनुदान आणि उद्योगांना कर्ज द्यावं, म्हणजे रोजगार वाढेल, असा त्याचा हेतू. हा कायदा राबवणाऱ्या संस्थेचे प्रमुख होते यूजीन फोली. त्यांनी कॅलिफोर्नियातलं ओकलंड शहर निवडलं. तिथे कृष्णवर्णीय वस्तीत बेकारी मोठी होती आणि वॉट्ससारखी दंगल भडकेल अशी धास्ती होती. एप्रिल १९६६ मध्ये सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर आणि ३,००० नोकऱ्यांची घोषणा झाली. बंदरावर मालधक्का आणि विमानतळावर दुरुस्तीचा हँगर बांधायचा होता.

आता नीट पाहा. या नोकऱ्या कुणाला द्यायच्या? शहरातल्या दीर्घकाळ बेकार असलेल्यांना, विशेषतः अल्पसंख्याकांना, असं फोलींनी ठरवलं. त्यासाठी त्यांनी अट घातली की मालकाने आधी भरतीचा आराखडा सादर करावा, मगच पैसे. कोणतं शहर, कोणते बेकार, कोणती अट, हे प्रश्न हिशेबाचे नव्हेत. कुणाला काय मिळावं याचे आहेत, म्हणजे राजकारणाचेच. आणि त्यांची उत्तरं अंमलबजावणी करणाऱ्याने दिली.

पुढे फोली पद सोडून गेले आणि उत्साह ओसरला. खर्चाचे आकडे वाढले, परवानग्या रखडल्या. तीन वर्षांनंतर जेमतेम ३० लाख डॉलर खर्च झाले होते, त्यातला मोठा वाटा एका उड्डाणपुलावर आणि वास्तुरचनाकारांच्या शुल्कावर. हँगरचं काम सुरूही झालं नव्हतं. लेखकांनी मोजलं तर निरनिराळ्या लोकांच्या ७० संमती लागत होत्या. प्रत्येक संमती मिळण्याची शक्यता शंभरात ९९ धरली, तरी सगळ्या मिळण्याची शक्यता जेमतेम निम्मी उरते. या संमती देणाऱ्यांत कुणी दुष्ट नव्हता. आपापल्या टेबलावर प्रत्येकाने थोडंसं ठरवलं, आणि त्यातून जे निघालं तेच ओकलंडचं धोरण.

असं होणं टळत का नाही? आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, आम्हाला इथे कान्ट आठवतो. नियम प्रत्यक्षात कसा लावावा हे सांगायला आणखी एक नियम केला, तर तो लावण्यासाठी तिसरा लागेल. कुठेतरी थांबून माणसाने स्वतःच्या विवेकाने ठरवावंच लागतं. कायदा ‘बेकार’ म्हणतो. समोर उभा असलेला माणूस त्यात बसतो का, हे खिडकीमागचा कारकून ठरवतो. मायकेल लिप्स्की यांनी १९८० मध्ये हेच शिक्षक, पोलीस आणि कल्याण खात्यातल्या कर्मचाऱ्यांबद्दल दाखवलं. काम अफाट, वेळ अपुरा. मग कुणाला आधी घ्यायचं याच्या त्यांच्या सवयी हेच लोकांना भेटणारं धोरण.

म्हणून रेषा पुसून टाकावी काय? तसं आम्ही म्हणणार नाही. नोकरी गुणांवर मिळावी, पक्षावर नाही, हे कुंपण हवंच. पण ‘आम्ही फक्त राबवतो’ हे अधिकाऱ्याचं उत्तर मान्य करता येत नाही, कारण त्या उत्तराआड खरा निर्णय कुणी घेतला हेच दडून राहतं. फोलींची अट आपल्याला चांगली वाटेल. पण ती कुणापुढे मांडली गेली, तिच्यावर वाद कुठे झाला? चांगल्या निर्णयालाही हा प्रश्न विचारला पाहिजे. वाईट निर्णय पकडायचा दुसरा मार्ग आपल्यापाशी नाही.