नर्सिंग डिझर्टेशनचा लिटरेचर रिव्ह्यू: गडचिरोलीचा गाजलेला अभ्यास तुमच्या सर्चमधून का निसटतो?

अमरावती किंवा अकोल्यात एमएस्सी नर्सिंग करणाऱ्या कुणाला विचारा, डिझर्टेशनचा सर्वात कंटाळवाणा भाग कोणता? उत्तर बहुतेक वेळा एकच येतं: रिव्ह्यू ऑफ लिटरेचर. गूगलवर विषय टाकायचा, वर आलेले वीस-पंचवीस पेपर घ्यायचे, प्रत्येकाच्या सारांशाचा एक परिच्छेद करायचा आणि गाईडकडे द्यायचा. आणि मग गाईड विचारतात, "हेच पेपर का घेतले?"

या एका प्रश्नाचं उत्तर देता येणं म्हणजेच लिटरेचर रिव्ह्यू. ते कसं द्यायचं, हे एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू.

विषय मेळघाटचा, प्रश्न एकच

समजा, अमरावतीच्या एका विद्यार्थिनीने विषय घेतला आहे: धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत घरभेटी देऊन केलेल्या नवजात बालकांच्या काळजीचा परिणाम. विषय इथलाच आहे. आशा कार्यकर्ती बाळंतपणानंतर घरी येते, हे आपल्याला माहीत असतं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत, घरी जन्मलेल्यासाठी पहिल्या दिवसाची एक जास्त.

पण "नवजात बालकांची काळजी" हा झाला विषय. तो सर्च करता येत नाही, प्रश्न सर्च करता येतो. म्हणून आधी चार गोष्टी लिहून काढायच्या. कोणावर? ग्रामीण किंवा आदिवासी भागातल्या २८ दिवसांच्या आतल्या बाळांवर. काय केलं? प्रशिक्षित कार्यकर्तीच्या घरभेटी. कशाशी तुलना? नेहमीच्या सेवेशी. काय मोजलं? नवजात मृत्यू, स्तनपान, आजार ओळखला जाणं. नर्सिंगच्या पुस्तकांत याला 'पिको' म्हणतात. पुढचं सगळं या चार ओळींवर उभं राहतं.

सर्च आधी तपासायचा कसा?

या विषयावर एक पेपर सापडलाच पाहिजे. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सर्च' संस्थेतर्फे गडचिरोलीच्या खेड्यांत केलेला, १९९९ साली 'द लॅन्सेट'मध्ये आलेला अभ्यास. ३९ गावांत गावातल्याच प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरी जाऊन बाळांची काळजी घेतली, ४७ गावं तुलनेसाठी होती. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची जी पद्धत आज आशा राबवते, त्यामागे या कामाचा मोठा वाटा आहे.

म्हणून या पेपरचा उपयोग आपण चाचणीसाठी करू. सर्च नीट बांधला असेल तर हा पेपर यादीत यायलाच हवा. नसेल, तर पेपरमध्ये नाही, आपल्या सर्चमध्ये खोट आहे. अनुभवी ग्रंथपाल हीच युक्ती वापरतात.

आता गंमत बघा. पहिल्या प्रयत्नात आपण सहज "ASHA" हा शब्द टाकतो. पण आशा योजना आली २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानासोबत. १९९९ च्या पेपरमध्ये तो शब्द असणार कुठून? शिवाय अमेरिकेतल्या वाचा-भाषा तज्ज्ञांच्या संघटनेचं लघुरूपही हेच, त्यामुळे भलतेच पेपर येतात ते वेगळं. आपण नर्सिंगचे म्हणून "nurse" टाकलं, तरी पेपर गेला, कारण तिथे नर्स नव्हत्या, गावातल्या कार्यकर्त्या होत्या. फक्त शीर्षकात "newborn" शोधलं तरी गेला, कारण शीर्षकात "neonatal" आहे.

म्हणून प्रत्येक कल्पनेसाठी सगळे समानार्थी शब्द OR ने जोडायचे आणि वेगवेगळ्या कल्पना AND ने. पबमेडसाठी ते असं दिसेल:

```
("home visit*"[tiab] OR "home-based"[tiab] OR "House Calls"[Mesh])
AND (newborn*[tiab] OR neonat*[tiab] OR "Infant, Newborn"[Mesh])
AND ("health worker*"[tiab] OR ASHA[tiab]
     OR "Community Health Workers"[Mesh])
AND (India[tiab] OR "India"[Mesh])
```

इथे [tiab] म्हणजे शीर्षक आणि सारांशात शोध. [Mesh] म्हणजे पबमेडने पेपरला लावलेलं विषयाचं ठरावीक लेबल. तारा (*) शब्दाची पुढची रूपं पकडतो, म्हणजे neonat* ने neonate, neonatal, neonates तिन्ही येतात. दोन्ही का हवेत? नव्या पेपरला लेबल लागायला वेळ लागतो आणि जुन्या पेपरमध्ये लेखकाने वेगळाच शब्द वापरलेला असू शकतो.

एक स्थानिक चूक इथेच सांगते. "Amravati" नुसतं टाकलं की पबमेड लेखकांच्या पत्त्यातही शोधतं. मग अमरावतीच्या कॉलेजातल्या प्राध्यापकाने कुठल्याही विषयावर लिहिलेला पेपर समोर येतो. त्यापेक्षा Melghat[tiab] असा वेगळा छोटा सर्च करा. धारणीजवळच्या उतावलीहून काम करणाऱ्या 'महान' संस्थेच्या डॉ. आशिष सातव यांनी मेळघाटातल्या बालमृत्यूंवर केलेलं काम अशा सर्चमधून हाती लागतं.

गूगल स्कॉलर वापरू नये असं नाही, पण तो मुख्य आधार नको. त्याचा क्रम बदलत राहतो आणि एका सर्चचे पहिले हजारच निकाल तो दाखवतो. तुमचा सर्च दुसऱ्याला तसाच पुन्हा करता येत नाही. पबमेडसोबत कॉक्रेन लायब्ररी घ्या आणि भारतीय प्रबंधांसाठी शोधगंगा. प्रत्येक ठिकाणची तारीख, टाकलेले शब्द जसेच्या तसे आणि आलेला आकडा एका वहीत किंवा शीटमध्ये त्याच दिवशी लिहा. महिन्याभराने आठवून लिहिलेला आकडा हमखास चुकतो.

निकष आधी, पेपर नंतर

आता पेपर सापडला, पण तो टिकेल का? अनेक डिझर्टेशनमध्ये सवयीने लिहिलेलं असतं: "गेल्या १० वर्षांतले अभ्यास." या एका ओळीने गडचिरोली बाहेर. कुणी जास्त काटेकोर होऊन "फक्त रँडमाइज्ड ट्रायल" लिहिलं तरी बाहेर, कारण तिथे गावांची निवड चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती.

वर्षाची मर्यादा चुकीची असते असं नाही. "आजच्या मातांना किती माहिती आहे" असा प्रश्न असेल तर जुना अभ्यास खरोखर कालबाह्य. पण "घरभेटींनी मृत्यू कमी होतात का" या प्रश्नाला तीच मर्यादा लावायला कारण काय? कारण सांगता येत नसेल तर मर्यादा काढा. आपल्या विद्यार्थिनीने असं लिहावं: १९९० पासूनचे, तुलनेचा गट असलेले, दक्षिण आशियाच्या ग्रामीण भागातले अभ्यास घेतले, फक्त दवाखान्यात दिलेल्या सेवेचे वगळले. प्रत्येक निकषापुढे एक वाक्य कारणाचं. आणि दक्षिण आशिया म्हटलं, तर सर्चची शेवटची ओळ बदलून बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तानही टाकावे लागतील. निकष आणि सर्च एकमेकांशी जुळत नाहीत, ही चूक गाईडच्या नजरेतून सुटत नाही.

निकष पेपर वाचण्याआधी लिहून गाईडला दाखवायचे. वाचल्यावर ठरवले तर मन आपोआप आवडलेल्या निष्कर्षाकडे झुकतं.

मग चाळणी. उदाहरणादाखल आकडे धरू: तीन ठिकाणांहून २८० नोंदी आल्या, त्यात ६५ दुबार, उरल्या २१५. शीर्षक आणि सारांश वाचून १७८ गेल्या, उरल्या ३७. तिघांचा पूर्ण पेपर मिळाला नाही, ३४ वाचले, त्यातले २० निकषांत बसले नाहीत. हाती १४. हा हिशेब प्रिझ्मा नावाच्या आकृतीत मांडतात. वगळलेल्या त्या २० पेपरांपुढे प्रत्येकी कारण लिहिलेलं हवं. दुबार नोंदी काढायला झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे.

पारखायचं म्हणजे नक्की काय?

इथे बहुतेक रिव्ह्यू ढेपाळतात. "बंग व सहकाऱ्यांना नवजात मृत्यूदरात ६२.२ टक्के घट आढळली" असं लिहून पुढे जातात. पारखणं म्हणजे हा आकडा आला कुठून, हे विचारणं.

अभ्यासाच्या तिसऱ्या वर्षी सेवा दिलेल्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू २५.५ होते, तुलनेच्या गावांत ५९.६. सुरुवातीला हेच आकडे ६२ आणि ५७.७ होते. म्हणजे एकीकडे ५८.९ टक्के घट, दुसरीकडे ३.३ टक्के वाढ. दोन्हींची बेरीज ६२.२. हा निव्वळ फरक आहे, सरळ घट नव्हे. हे एक वाक्य तुमच्या रिव्ह्यूत असलं की वाचणाऱ्याला कळतं, तुम्ही पेपर उघडला होता.

पुढे चेकलिस्ट. रँडमाइज्ड नसलेल्या अभ्यासाला रँडमाइज्ड ट्रायलची यादी लावली तर तो उगाच नापास होतो. त्यासाठी जेबीआय संस्थेची क्वासी-एक्सपेरिमेंटल अभ्यासांची यादी मोफत मिळते. ती विचारते: दोन्ही गट सुरुवातीला सारखे होते का? सेवेआधी आणि नंतर दोन्ही वेळा मोजलं का? दोन्हीकडे सारख्याच पद्धतीने मोजलं का? गडचिरोलीत आधीचे आकडे आहेत आणि ते जवळपास सारखे आहेत, ही जमेची बाजू. गावं चिठ्ठीने वाटलेली नाहीत, एकाच संस्थेने एका भागात बारकाईने राबवलेलं काम आहे, ही मर्यादा.

आता शेजारी हरियाणाचा अभ्यास ठेवा. २०१२ मध्ये 'बीएमजे'त आलेला, निता भंडारी आणि सहकाऱ्यांचा. १८ प्राथमिक आरोग्य केंद्रांची क्षेत्रं चिठ्ठीने वाटलेली, सेवा सरकारी यंत्रणेतूनच दिलेली. रचनेने हा जास्त भक्कम. पण एकूण नवजात मृत्यूंतली घट सुमारे ९ टक्के आणि तीही योगायोगाची शक्यता नाकारता येईल इतकी ठळक नाही. मात्र घरी जन्मलेल्या बाळांत घट स्पष्ट दिसली, दवाखान्यात जन्मलेल्यांत नाही.

दोन अभ्यास, दोन वेगळी उत्तरं. कच्चा रिव्ह्यू दोघांचे दोन परिच्छेद लिहून थांबतो. पक्का रिव्ह्यू विचारतो, फरक का? कार्यकर्तीला काय काय करायची मुभा होती? गडचिरोलीत ती जंतुसंसर्गावर प्रतिजैविकाचं इंजेक्शनही देत होती. तिच्यावर देखरेख किती होती? आधीचा मृत्यूदर किती होता? बाळंतपणं घरी होत होती की दवाखान्यात?

आणि इथून विद्यार्थिनी थेट स्वतःच्या अभ्यासावर येते. तिच्या निवडलेल्या गावांत घरची बाळंतपणं किती, हे तिला माहिती गोळा करतानाच नोंदवावं लागेल आणि दोन्ही प्रकारच्या बाळांचे निकाल वेगळे दाखवावे लागतील. प्रश्नावली मराठीसोबत कोरकूतही लागेल. हे दोन्ही बदल सिनॉप्सिस नैतिक समितीपुढे जाण्याआधी व्हायला हवेत, नंतर केले तर परवानगी पुन्हा घ्यावी लागते. रिव्ह्यू आधी का करायचा, याचं व्यवहारी कारण हेच.

एक मर्यादा तिने स्वतःच लिहून टाकावी: चाळणी एकटीने केली. जमलं तर वर्गमैत्रिणीला साधारण दहा टक्के नोंदी न सांगता पुन्हा चाळायला द्यायच्या आणि दोघींचे निर्णय किती ठिकाणी जुळले नाहीत ते मोजायचं. बरेच वेगळे निघाले तर दोष मैत्रिणीचा नसतो, निकषाचं वाक्य मोघम असतं. ते दुरुस्त करून उरलेली चाळणी पुन्हा करायची.