शब्दवेध : बारसे

जालन्यातल्या कुंभार पिंपळगावात, गोदाकाठच्या या मुलखात, पाळणा बांधला की आजी दोरी धरते आणि आत्या बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगते. या सोहळ्याचे नाव खरे तर एक आकडा आहे.

संस्कृत ‘द्वादश’चे प्राकृतात ‘बारस’ झाले. सुरुवातीच्या ‘द्व’चा ‘ब’ झाला. हाच बदल द्वितीयेच्या ‘बीज’मध्ये, म्हणजे आपल्या भाऊबीजेत आहे. मधल्या ‘द’चा ‘र’ झाला. ‘एकादश’चे ‘अकरा’ होताना तेच घडले. पुढे ‘बारा’ म्हणताना शेवटचा ‘स’ गळाला, पण वसुबारसेत आणि बारशात तो टिकला. म्हणून बारसे म्हणजे जन्मापासूनचा बारावा दिवस. आता नाव सोयीने महिन्याने ठेवले, तरी शब्द बाराच मोजतो.

त्या दिवशी आजीला म्हणता यावा म्हणून हा नवा पाळणा :

बारावा दीस गं, पाळणा हाले,
कानाशी आत्या गं हळूच बोले,
गोदेचं वारं गं दबकत आलं,
पाखरू माझं हे निजून गेलं. जो जो.

एका ओळीला दोरीचा एक झोका. ‘हाले’, ‘बोले’ यांचा शेवटचा स्वर पाळणा परत येईपर्यंत लांबवायचा. ओळ घाईने संपली, तर हात अडखळतो आणि बाळ दचकते. शेवटचा ‘जो जो’ जवळजवळ श्वासातच म्हणावा.