तेरा मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद

५ ऑगस्ट २०१२. पॅसाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत रात्रीचे १० वाजून १० मिनिटं झाली आहेत. निळे शर्ट घातलेली मंडळी शेंगदाण्याच्या बरण्या एकमेकांकडे सरकवतायत. १९६४च्या रेंजर ७ पासून चालत आलेला हा रिवाज सोडायची कोणाची छाती नाही. तुम्ही मात्र त्या खोलीत नाही. तुम्ही मंगळापासून सव्वाशे किलोमीटर उंचीवर, क्युरिऑसिटी रोव्हरच्या शेजारी त्याच्या कुपीत दाटीवाटीने बसला आहात. वेग सेकंदाला जवळपास सहा किलोमीटर.

इथून निघालेला संदेश पृथ्वीवर पोचायला १३ मिनिटं ४८ सेकंद लागतात आणि उतरायला जेमतेम सात मिनिटं. तुम्ही वातावरणात शिरलात हे पॅसाडेनाला कळेल तेव्हा तुमचं जे व्हायचं ते होऊन साडेसहा मिनिटं उलटलेली असतील. तेव्हा नियंत्रण कक्ष हे नावापुरतंच. निर्णय घेणार तुमच्या शेजारचा संगणक.

हवा लागते. साडेचार मीटर रुंदीच्या ढालीसमोर ती दाबली जाऊन पेटते, आणि ढालीचा पृष्ठभाग दोन हजार अंशांच्या पुढे जातो. ढालीचा लेप स्वतः जळत जातो आणि उष्णता आत येऊ देत नाही. तुमच्या छातीवर दहापट वजन पडतं. तेवढ्यात कुपी एका कुशीवर कलते. घाबरू नका, हे मुद्दाम आहे. आत शिरण्याआधी टंगस्टनची ७५ किलोची दोन वजनं एका बाजूने टाकून दिली, म्हणून कुपी तिरकी पडते आणि हवा तिला थोडी उचलून धरते. संगणक छोटे थ्रस्टर मारून हा कल डावी-उजवीकडे फिरवतो आणि वाट दुरुस्त करतो. गेल विवराच्या मधोमध पाच किलोमीटर उंचीचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याशी २० बाय ७ किलोमीटरच्या लंबवर्तुळात उतरायचं, तर नुसतं पडून भागणार नव्हतं.

सुमारे अकरा किलोमीटर उंचीवर जोरदार हिसका बसतो. पॅराशूट उघडलं. वेग अजून आवाजाच्या पावणेदोन पट आहे. ढाल गळून पडते, खालचं रडार पहिल्यांदाच जमीन पाहतं. आता सुटलो, असं वाटत असेल तर थांबा. मंगळाची हवा आपल्या हवेच्या दोन टक्केही दाट नाही. पॅराशूटने कितीही ओढलं तरी दीड किलोमीटर उंचीवर वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास उरतो.

म्हणून पॅराशूट सोडून द्यायचं. कुपीचा वरचा भाग त्याच्यासोबत जातो, तुम्ही खाली निसटता आणि आठ रॉकेट इंजिनं पेटतात. आधीच्या छोट्या रोव्हरना हवेच्या पिशव्यांत गुंडाळून आपटलं होतं, पण नऊशे किलोला त्या पिशव्या टिकत नाहीत. पायांवर उभ्या यानाच्या टपावर रोव्हर ठेवला, तर तो उतरवायचा कसा हा प्रश्न, आणि जमिनीलगतची रॉकेटं खड्डे पाडतात ते वेगळंच. तेव्हा इंजिनं वरच ठेवली. जमिनीपासून वीसेक मीटरवर रॉकेटांचा सांगाडा नायलॉनच्या तीन दोरांनी रोव्हरला साडेसात मीटर खाली सोडतो. चाकं खटकन उघडतात.

खरा पेच आता येतो. जमीन लागली हे कळणार कसं? पायात बटण बसवायचं, हे साधं उत्तर. पण डिसेंबर १९९९ मध्ये मार्स पोलर लँडर बहुधा याच उत्तराने गेला. त्याचे पाय हवेत उघडले तेव्हाच्या धक्क्याला संगणक जमीन समजला असावा आणि इंजिनं उंचावरच बंद झाली असावीत. इथे असं बटणच नाही. सांगाडा सेकंदाला पाऊण मीटर या ठरलेल्या वेगाने खाली सरकत राहतो आणि संगणक फक्त स्वतःच्या इंजिनांचा जोर पाहतो. चाकं टेकली की रोव्हरचा भार दोरांवरून उतरतो, तोच वेग राखायला जवळपास निम्माच जोर पुरतो. एक क्षणिक धक्का असा आकडा देत नाही. जोर घटून तसाच टिकला, तरच टेकलो असं मानायचं. एवढ्या गाजलेल्या कसरतीत मला सर्वांत हुशारीचा वाटतो तो हा साधा हिशेब.

जोर घटला. टिकला. छोट्या स्फोटांनी दोर कापले जातात, सांगाडा तिरका उडून सुमारे ६५० मीटरवर आपटतो. तुम्ही लंबवर्तुळाच्या मध्यापासून अडीच किलोमीटरच्या आत आहात. पॅसाडेनात अजून १० वाजून १८ मिनिटंही झालेली नाहीत, बरण्या फिरतायत.

एक उणं मात्र राहिलंच. रॉकेटं इतक्या उंचावर ठेवूनही त्यांच्या झोताने खडे उडाले. रोव्हरच्या पाठीवर पाहा, बारीक गोटे पडलेले दिसतील. वारा मोजणाऱ्या दोन दांड्यांपैकी एकीवरचे संवेदक निकामी झाले, तेही बहुधा अशाच खड्यांनी.