गव्हावरील अंतिम उष्णता ताण

गव्हावरील अंतिम उष्णता ताण म्हणजे ओंबीतील दाणे भरत असताना तापमान वाढल्यामुळे गव्हाच्या पिकावर येणारा ताण. पीक शेवटच्या टप्प्यात असल्याने असे थोडेच उष्ण दिवसही दाण्याचे वजन आणि पर्यायाने उत्पादन घटवितात. महाराष्ट्रात फेब्रुवारी व मार्चमध्ये हा धोका संभवतो.

## कारणे

फुलोऱ्यानंतर सुमारे ३० ते ४० दिवस दाणा भरत असतो. प्रथम त्यात दुधासारखा चीक येतो, नंतर तो घट्ट होतो. पक्व दाण्याचा बहुतांश भाग पिष्टमय पदार्थाचा असतो. पाने तयार करीत असलेल्या साखरेचे रूपांतर दाण्यात या पदार्थात होते.

उष्णतेमुळे या क्रियेत तीन प्रकारे बाधा येते. पहिली म्हणजे पीक लवकर पक्व होते. भरण्याचा वेग थोडा वाढला तरी गमावलेले दिवस त्याने भरून निघत नाहीत. दुसरी म्हणजे साखरेपासून पिष्ट बनविणारी विकरे उष्णतेस संवेदनशील असल्याने साखर उपलब्ध असूनही दाणा भरत नाही. तिसरी म्हणजे पाने अकाली पिवळी पडून साखरेचा पुरवठाच कमी होतो. रात्री उष्ण असल्यास श्वसनात अधिक साखर खर्ची पडते.

दाणे भरण्यास सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमान पोषक असल्याचे महाराष्ट्रातील लागवडविषयक शिफारशींत सांगितले जाते. कमाल तापमान सलग तीन-चार दिवस ३५ अंशांच्या आसपास गेल्यास दाण्यावर लक्षणीय परिणाम होतो.

## नुकसानीची ओळख

दाणे भरू लागेपर्यंत ओंबीतील दाण्यांची संख्या बहुतांशी ठरलेली असते. त्यामुळे या काळातील नुकसान मुख्यतः वजनात दिसते. उदाहरणार्थ, हेक्टरी ४० क्विंटल उत्पादन अपेक्षित असलेल्या शेतात हजार दाण्यांचे वजन ४० ग्रॅमऐवजी ३६ ग्रॅम भरले, तर दाण्यांची संख्या तीच राहूनही उत्पादन ३६ क्विंटलवर येते. ओंब्या लवकर पांढुरक्या पडतात आणि दाणे बारीक व सुरकुतलेले राहतात. याउलट ओंबीत दाणेच कमी धरलेले असतील, तर फुलोऱ्याच्या वेळी परागकणांना बाधा झाली असण्याची शक्यता असते.

## तापमानाच्या नोंदी

शेतकरी प्रामुख्याने कमाल तापमान, किमान तापमान आणि त्यांचे सरासरीपासूनचे अंतर पाहतात. केवळ दुपारचा आकडा पुरेसा नसतो. कमाल तापमान ३४ व किमान १६ अंश असल्यास दोहोंची सरासरी २५ येते. किमान २१ असल्यास ती २७.५ होते. दुपार सारखीच असली तरी दुसऱ्या स्थितीत पीक अधिक वेगाने पक्वतेकडे जाते.

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर करण्यासाठी कमाल तापमान किमान ४० अंश असावे लागते. किनाऱ्यावर ही मर्यादा ३७ अंश आहे. गव्हाचे नुकसान त्याआधीच सुरू होते. त्यामुळे लाटेचा इशारा नसणे म्हणजे पीक सुरक्षित असणे नव्हे.

वेधशाळेतील तापमान सावलीतील हवेचे असते. पाणी मिळालेले पीक बाष्पोत्सर्जनाने हवेपेक्षा थंड राहू शकते, तर कोरड्या जमिनीतील पीक अधिक तापते. त्यामुळे एकाच नोंदीचा अर्थ दोन शेतांसाठी वेगळा असू शकतो.

## २०२२ मधील घटना

१९०१ पासूनच्या नोंदींत भारतातील सर्वांत उष्ण मार्च २०२२ मध्ये ठरला. देशाचे त्या महिन्याचे सरासरी कमाल तापमान ३३.१ अंश होते. पंजाब व हरियाणात गहू तेव्हा दाणे भरण्याच्या अवस्थेत होता. फेब्रुवारीत देशातील गव्हाचे उत्पादन ११ कोटी १३ लाख टन अपेक्षित होते. मे महिन्यात हा अंदाज १० कोटी ६४ लाख टनांवर आणण्यात आला. १३ मे रोजी केंद्र सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली.

## महाराष्ट्र व कोकण

राज्यात बागायती गव्हाची वेळेवर पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करतात. असे पीक बहुधा फेब्रुवारीत दाणे भरते. डिसेंबरमध्ये पेरलेले पीक मात्र मार्चच्या उन्हात सापडते. उशिरा पेरणीसाठी निफाड येथील कृषी संशोधन केंद्राच्या ‘एनआयएडब्ल्यू ३४’ व ‘फुले समाधान’ या वाणांची शिफारस केली जाते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात गहू हे प्रमुख पीक नाही. मालवण किनाऱ्यावर समुद्रसान्निध्यामुळे हिवाळ्यातील दिवस व रात्री गव्हास पोषक इतक्या थंड होत नाहीत. इतरत्र काही दिवस येणारी ही अडचण तेथे हंगामभर असते. भात हे तेथील मुख्य अन्नधान्य पीक आहे.

## उपाय व मर्यादा

उष्णता वाढण्याचा अंदाज असल्यास वारा शांत असताना हलके पाणी देतात. वाऱ्यात भरपूर पाणी दिल्यास ओंब्यांच्या भाराने पीक लोळते. ०.२ टक्के म्युरेट ऑफ पोटॅशची, म्हणजे लिटरमागे २ ग्रॅमची, फवारणीही सुचविली जाते. या उपायांनी ताण सौम्य होतो. अकाली पक्व झालेला दाणा मात्र पुन्हा भरत नाही. म्हणून वेळेवर पेरणी हाच मुख्य उपाय ठरतो.